माल आला आणि थेट पुढे गेला: क्रॉस डॉकिंग चालू करतानाचा आमचा अनुभव

आमच्या गोडाऊनचं काम सुरुवातीपासून एकाच पद्धतीनं चालायचं. सप्लायरची गाडी आली की माल उतरवायचा, मोजायचा, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन करायचं, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचलेला माल म्हणजे पॅलेट रॅकवर चढवायचं, आणि मग दुकानाची ऑर्डर आली की तेच पॅलेट खाली काढून त्यातले बॉक्स वेचायचे, परत पॅलेट बनवायचं, गुंडाळायचं, डॉकवर आणायचं, गाडीत भरायचं. मी तिथे शिफ्ट बघायचो. एकदा मी एकाच बॉक्सच्या मागे मागे फिरलो, त्याला किती वेळा हात लागतो ते मोजायला, तर सात वेळा लागला, आणि या सातपैकी निम्म्याहून जास्त वेळा फक्त ठेवायला आणि काढायला. वर तो बॉक्स रॅकवर नऊ दिवस बसला होता, आणि तोच आयटम आमची दुकानं रोज मागवत होती. म्हणजे काल आलेला माल आज पाठवता आला असता, आम्ही मात्र आठवडाभर त्याला सांभाळत बसलो होतो.

म्हणून मॅनेजर सरांनी क्रॉस डॉकिंग करायचं ठरवलं. म्हणजे सप्लायरची गाडी एका बाजूच्या दारावर लागणार, माल उतरणार, मधल्या फ्लोअरवर दुकानांप्रमाणे वाटला जाणार आणि समोरच्या दारावरच्या गाडीत चढणार, रॅकवर जाणारच नाही. असा माल जास्तीत जास्त एक दिवस आत थांबावा असं साधारण धरतात, आम्ही तर ठरवलं की आलेला माल त्याच रात्री बाहेर.

आमच्याकडे माल घ्यायची सहा दारं एका बाजूला आणि पाठवायची आठ दारं समोर. आठ रूट, प्रत्येक रूटवर सहा सात दुकानं, एकूण 52. मधला फ्लोअर रिकामा करून पिवळ्या पट्ट्यांनी आठ लेन आखल्या, एका लेनमध्ये 12 पॅलेटची जागा, म्हणजे सगळ्या मिळून 96. रोज अंदाजे 120 पॅलेट माल यायचा. मला वाटलं 120 काही एकदम येत नाहीत, 96 जागा पुरतील.

पहिल्या दिवशी दुपारी तीनलाच फ्लोअर जाम झाला.

काय झालं ते नीट सांगतो, कारण हीच चूक बाकीच्यांच्याकडेही होताना मी नंतर बघितली. गाड्या दुपारी 12 पासून यायला लागल्या, तासाला साधारण 20 पॅलेट उतरत होती, आणि आमच्या जायच्या गाड्या रात्री 10 ला सुटायच्या. ताशी 20 च्या हिशोबानं 96 जागा पावणेपाचला भरायला पाहिजे होत्या, भरल्या त्याच्या पावणेदोन तास आधी. कारण सप्लायरच्या पॅलेटवर एकच आयटम असतो, त्यातले नऊ बॉक्स या दुकानाला, सहा त्या दुकानाला असे वाटायचे असतात, त्यामुळे पहिली गाडी उतरली तशी पोरांनी 52 दुकानांची 52 पॅलेट फ्लोअरवर मांडली, प्रत्येकावर जेमतेम एक थर. बॉक्स थोडेच पण जागा अर्ध्याहून जास्त गेली. वर सप्लायरची फोडायची राहिलेली पॅलेट उभी करायला जागा नाही म्हणून ती लेनच्या मधल्या वाटेत आडवी लागली, आणि एकदा वाटेत पॅलेट आडवं लागलं की फोर्कलिफ्टवाल्या काकांना एक पॅलेट काढायला दोन हलवावी लागतात, मग ती दोन कुठेतरी ठेवावी लागतात, आणि ती जागा पण अडते. काका थांबले, खाली उतरले आणि मला म्हणाले, "साहेब, आता मी गाडी फिरवू कुठं?" त्या रात्री शेवटची गाडी पहाटे सव्वातीनला सुटली आणि 17 पॅलेट चुकीच्या लेनमध्ये सापडली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं मत एकच, जागा कमी पडते, बाहेर शेड टाका. मला ते पटत नव्हतं पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. मग मी पोरांना एक काम दिलं, प्रत्येक पॅलेट फ्लोअरवर आलं की त्याला गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या फिल्मवर जाड मार्करनं आल्याची वेळ लिहायची आणि गाडीत चढताना बाजूला चढल्याची वेळ लिहायची. लोडिंगच्या दारावर एक जण वही घेऊन उभा, तो दोन्ही वेळा उतरवून घेणार. आठवडाभर केलं. एक पॅलेट सरासरी साडेपाच तास फ्लोअरवर उभं असायचं, आणि यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ, म्हणजे फोडणं, वाटणं, गुंडाळणं, चढवणं, हा पाऊण तासाच्या आसपास. बाकी सगळा वेळ पॅलेट नुसतं वाट बघत उभं.

हिशोब अगदी साधा आहे, तासाला किती पॅलेट येतात गुणिले एक पॅलेट किती तास थांबतं, बरोबर फ्लोअरवर एका वेळी किती पॅलेट असणार. ताशी 20 आणि साडेपाच तास म्हणजे 110, आणि आमच्याकडे जागा 96. आता हेच पॅलेट अडीच तासच थांबलं तर ताशी 30 आले तरी 75 होतात आणि वाटायला जागा उरते. म्हणजे शेड बांधून काही होणार नव्हतं, शेड भरेपर्यंत माल थांबला असता एवढंच. थांबण्याचा वेळ कमी करायचा होता, आणि तो फ्लोअरवरच्या पोरांना पळवून कमी होत नाही, तो गाडी दारावर लागायच्या आधी काय ठरलंय त्यावर ठरतो. हे मला समजायला आठवडा लागला आणि त्यानंतरचे सहा महिने आम्ही फक्त तेवढंच करत होतो.

पहिलं काम होतं कुठला माल असा पाठवायचा ते ठरवणं. आमच्याकडे 3,200 आयटम, आणि आम्ही पहिल्या दिवशी उत्साहात जवळपास सगळेच घेतले होते. प्लॅनिंगच्या मॅडमनी तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढल्या आणि तीन चाळण्या लावल्या. आयटम जवळपास रोज आणि बहुतेक सगळ्या दुकानांत जातो का, आणि त्याचा आकडा रोज थोडाफार सारखा असतो का? दुकानं तो पूर्ण बॉक्सनं घेतात का, कारण सुटे नग मोजायचे असले की फ्लोअरवर बॉक्स उघडायला लागतात आणि मग ते क्रॉस डॉकिंग राहतच नाही. आणि तो तपासून घ्यायची गरज आहे का, म्हणजे क्वालिटीवाल्यांनी सॅम्पल काढून ओके दिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही असा तर नाही ना. या तिन्हीतून 140 आयटम उरले. मला ते फार कमी वाटले, पण बॉक्सच्या संख्येत बघितलं तर रोजच्या मालातला निम्म्याला थोडा कमी भाग याच 140 मध्ये होता. म्हणजे 120 तले पन्नास पंचावन्न पॅलेट आधी सुरळीत चालवायचे, बाकीचा माल जुन्या पद्धतीनं रॅकवरून, आणि जसजसा हात बसेल तसे आयटम वाढवायचे.

दुसरं काम सगळ्यात किचकट होतं, ते म्हणजे गाडीच्या आधी माहिती येणं. सप्लायरनं गाडी सोडली की त्यात काय आहे, कुठला आयटम, किती बॉक्स, कुठल्या पॅलेटवर, हे सिस्टिमवर आगाऊ यायला पाहिजे, त्याला आमच्यात एएसएन म्हणतात, आणि प्रत्येक पॅलेटवर त्याच्या नंबरचा बारकोड पाहिजे. हे आलं की गाडी रस्त्यात असतानाच कुठल्या दुकानाला किती बॉक्स जाणार ते वाटून तयार होतं, पॅलेट उतरल्यावर स्कॅन केलं की स्क्रीनवर वाटप येतं आणि पोरगा कामाला लागतो. हे नसेल तर माल उतरवा, मोजा, मग कोणीतरी ऑफिसमध्ये बसून वाटप करणार, मग प्रिंट येणार, तोपर्यंत पॅलेट उभं. आमचे साडेपाच तासातले दोन तास इथेच जात होते.

पण एएसएन येतं आणि ते खरं असतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्रसंग सांगतो. एका आयटमचं एएसएन आलं 480 बॉक्सचं, 12 पॅलेट, एका पॅलेटवर आठ आठ बॉक्सचे पाच थर म्हणजे 40. पॅलेट काळ्या फिल्ममध्ये गुंडाळलेली, समोरून बघितलं तर पाच थर पूर्ण दिसत होते. पोरांनी 12 पॅलेट स्कॅन केली, सिस्टिमनं 480 धरले, वाटप चालू झालं रूट एकपासून. रूट सात संपला आणि बॉक्सही संपले! रूट आठच्या सहा दुकानांना सहा सहा बॉक्स द्यायचे होते, 36, आणि हातात शून्य. मागे जाऊन उरलेली फिल्म आणि पॅलेट बघितली, ज्या पोरांनी फोडली त्यांना विचारलं, तेव्हा कळलं की नऊ पॅलेटवर सगळ्यात वरच्या थरात फक्त पुढची चार बॉक्सची ओळ होती, मागची ओळ नव्हतीच. नऊ चोक छत्तीस.

आता सप्लायरची चूक होती हे खरं, पण मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. रॅकवर स्टॉक असताना 36 बॉक्स कमी आले तर कोणाला कळतही नव्हतं, मागच्या मालातून भरून निघायचं. इथे मागे काहीच नाही, सप्लायरकडची चूक त्याच रात्री दुकानाच्या शेल्फवर दिसते. आणि आम्ही वाटप रोज एक ते आठ याच क्रमानं करत होतो म्हणजे जे काही कमी पडेल ते दर वेळी रूट आठच्याच त्या सहा दुकानांच्या नशिबी. त्यातल्या एका दुकानाच्या ताईंनी फोनवर मला शांतपणे सांगितलं, "दादा, या महिन्यात आमच्याकडे चौथ्यांदा झालं हे." मी मागचे चलन काढून बघितले, त्यांचं बरोबर होतं.

त्यानंतर नियम केला, पॅलेट फोडायच्या आधी वरची फिल्म कापून वरचा थर डोळ्यांनी बघायचा आणि बॉक्स मोजूनच स्कॅनरवर आकडा टाकायचा, 12 पॅलेटला बारा पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. आकडा कमी भरला की सिस्टिम परत वाटप करते. तोच 480 चा माल आज 444 आला तर आठपेक्षा जास्त बॉक्स मागवलेल्या मोठ्या 36 दुकानांचा एक एक बॉक्स कमी होईल, लहान दुकानाला हात लागणार नाही, आणि कोणाचंच शेल्फ रिकामं राहणार नाही. ज्या सप्लायरचे 20 गाड्यांचे आकडे सलग बरोबर निघाले त्यांचं मोजणं आम्ही कमी केलं, पाचातलं एक पॅलेट बघतो. बाकीच्यांचं अजून सगळं मोजतो, आणि ज्यांचं वारंवार चुकतं त्यांचा माल परत रॅकवर. सप्लायरशी आम्ही कितीही भांडलो असतो तरी जे झालं नसतं ते या शेवटच्या गोष्टीनं झालं, कारण रॅकवरच्या मालाची ऑर्डर आम्ही आठवड्यातून दोनदा देतो आणि फ्लोअरवरच्या मालाची रोज.

दोन सगळ्यात मोठ्या सप्लायरना तर आम्ही पुढची विनंती केली, की तुमच्याकडेच रूटप्रमाणे पॅलेट बनवून पाठवा. त्यांनी अट घातली की ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी 12 ला पक्की करा, नंतर एकही बदल नाही. दुकानवाल्यांना आधी हे जड गेलं पण ज्या आयटमचा रोजचा आकडा सारखाच असतो त्याला एक दिवस आधी सांगायला काय हरकत आहे, हे त्यांनाही पटलं. आता त्यांचं पॅलेट आलं की काका ते उचलतात आणि सरळ त्या रूटच्या दारावर नेतात, फोडायचं नाही, वाटायचं नाही, अर्धवट पॅलेट मांडून जागा अडवायची नाही. माझ्या मते खरं क्रॉस डॉकिंग हेच, बाकीचं आम्ही फ्लोअरवर जे करतो ते म्हणजे घाईघाईतलं वेचणं, पिकिंग आहे, पण तेही लागतंच कारण लहान सप्लायरला 52 दुकानांची वर्गवारी जमत नाही.

तिसरी गोष्ट गाड्यांच्या वेळेची, आणि इथे आम्ही बराच काळ चुकीच्या टोकाकडून विचार करत होतो. आम्ही आधी सगळ्या सप्लायरना सांगितलं होतं की लवकर या. लवकर येऊन फायदा काय, जायची गाडी रात्री 10 ला! मग उलट केलं, जायच्या गाड्यांपासून मागे मोजत आलो. लांबचा रूट आधी सोडायचा, जवळचा नंतर, म्हणजे सगळी लोडिंग एकाच तासात कोंबायची नाही. आणि सप्लायरच्या गाड्यांना संध्याकाळी 5 ते 9 मधलेच स्लॉट दिले. चार तासात 120 म्हणजे तासाला 30 पॅलेट, वेग वाढला तरी थांबणं कमी झाल्यामुळे फ्लोअर मोकळा दिसायला लागला.

स्लॉटचा क्रम कसा लावायचा हे मात्र लोडिंगच्या एका जुन्या दादांनी शिकवलं. गाडीत शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आधी, आत, केबिनच्या बाजूला भरतात, पहिल्या दुकानाचा माल शेवटी, दाराजवळ. त्यात परत जड बॉक्स खाली आणि हलके वर. ते म्हणाले, जड मालाची गाडी उशिरा आणली तर मी काय आधी हलका भरून नंतर त्याच्याखाली जड सरकवू? अगदी बरोबर होतं, आमची कित्येक अर्धवट भरलेली पॅलेट त्या एका जड आयटमची वाट बघत उभी असायची. मग 5 चा पहिला स्लॉट जड मालाला, त्यातही जे सप्लायर रूटवार पॅलेट देतात त्यांना, आणि हलक्या, मोठ्या आकाराच्या बॉक्सना साडेसातनंतर. अशा क्रमानं माल आला की दुकानाचं पॅलेट खालून वर एकदाच बनतं.

तरी गाडी उशिरा येतेच. सुरुवातीला आम्ही थांबायचो. एका रात्री रूट तीनची गाडी पूर्ण भरून उभी होती, फक्त एका सप्लायरचे 22 बॉक्स यायचे होते, ड्रायव्हर फोनवर म्हणतोय अर्ध्या तासात पोचतो. आम्ही त्या अर्ध्या तासासाठी दोन तास थांबलो. तेवढा वेळ दार अडलं, त्याच दारावर नंतर लागणारी गाडी बाहेर उभी, तिच्या लेनमधला माल फ्लोअरवर तसाच, आणि सकाळी सातही दुकानांना माल उशिरा मिळाला, त्यातल्या चार दुकानांनी तर ते 22 बॉक्स मागवलेलेही नव्हते. त्यानंतर ठरलं की सुटायच्या वेळेच्या 20 मिनिटं आधी दार बंद, मागे राहिलं ते राहिलं. राहिलेल्या मालासाठी भिंतीकडे लाल पट्टीची एक छोटी लेन केली, दहा पॅलेटची, तो उद्याच्या गाडीत पहिला जातो. मी रोज सकाळी आल्यावर आधी ती लाल लेन बघतो. दोन तीन पॅलेट असली तर ठीक, सहा सात दिसायला लागली की आदल्या रात्री काहीतरी बिघडलंय हे रिपोर्ट उघडायच्या आधीच कळतं, आणि फिल्मवरची वेळ वाचली की कुणाच्या गाडीमुळे तेही कळतं. हो, मार्करनं वेळ लिहायचं आम्ही अजून बंद केलेलं नाही, स्कॅनरमध्ये वेळ असते पण फ्लोअरवरून चालताना ती दिसत नाही.

काही माल आम्ही स्वतःहून रॅकवर परत नेला. स्कीमचा माल, म्हणजे एक आठवडा धो धो जातो आणि नंतर कोणी विचारत नाही, त्याचं वाटप दुकानाला आदल्या दिवशी सांगताच येत नाही. पाच सात दुकानंच घेतात असे आयटम, कारण त्यांच्यासाठी सप्लायरची गाडी रोज आली तर अर्धी रिकामी येते आणि हाताळणीत जे वाचलं ते भाड्यात जातं. आणि एक असा आयटम जो चाळणीत सगळ्यात वर होता, रोज सगळीकडे जाणारा, पूर्ण बॉक्सचा, तपासणी नको. त्याच्या सप्लायरकडे मशीन बंद पडलं आणि तीन दिवस माल आला नाही. पहिल्याच सकाळी 52 दुकानांत तो नव्हता. पूर्वी रॅकवरच्या नऊ दिवसांच्या स्टॉकनं हे तीन दिवस सहज काढले असते. म्हणून आता ज्या आयटमला दुसरा सप्लायर नाही आणि जो नसला तर गिऱ्हाईक दुकानातूनच परत जातं, अशा अकरा आयटमचा दोन दिवसांचा माल रॅकवर ठेवतो आणि रोजचा माल फ्लोअरवरूनच जातो. रॅकवरचा तो माल जुना होऊ नये म्हणून दर सोमवारी तो आधी काढतो आणि त्या दिवशी आलेला त्याच्या जागी चढवतो, सोमवारी तेवढी दहा बारा पॅलेट जास्त हाताळावी लागतात.

आज 140 चे 310 आयटम झालेत. सरासरी थांबणं दोन तास दहा मिनिटांवर आलंय, पण महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ते अजून चार तासांच्या वर जातं, कारण तेव्हा सप्लायर आपापला टार्गेटचा माल स्लॉट न बघता सोडतात आणि चारलाच गेटवर गाड्यांची रांग लागते. या महिन्यात आम्ही गेटवर सांगून ठेवलंय की स्लॉटच्या अर्ध्या तासाहून जास्त आधी आलेली गाडी आत घ्यायची नाही. दोन सप्लायरचे फोन येऊन गेलेत, मॅनेजर सर म्हणालेत गेट उघडायचं नाही.